मोबाईल, मोबाइल आणि न सापडणारा अर्ज

कुठल्या तरी ग्रामपंचायतीच्या नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. एकाच पानावर वर ‘ऑफिस’, मध्ये ‘ऑफीस’ आणि खाली सहीजवळ ‘आफिस’. लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, मुळात इंग्रजी शब्द घेतलाच कशाला? ‘कार्यालय’ लिहा, ‘भ्रमणध्वनी’ लिहा. दुसरी म्हणते, वाचणाऱ्याला कळले ना, मग कसेही लिहिले तर काय बिघडले? दोन दिवस वाद चालतो आणि विरून जातो, पुढची नोटीस पुन्हा तशीच निघते. दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला हात लावत नाहीत. शब्द घ्यायचा की नाही, हे लोकांनी कधीच ठरवून टाकले आहे. आता प्रश्न एवढाच उरतो, की एका कागदावर, एका रजिस्टरात, एका दप्तरात तो एकसारखा लिहायचा की नाही. माझे मत स्पष्ट आहे: लिहायलाच हवा. त्यासाठी क्रमही साधा आहे. जिथे रूढी एकमुखी आहे तिथे रूढी मानायची. जिथे ती दुभंगली आहे तिथे मराठीत त्याच घडणीचे शब्द कसे लिहिले जातात ते पाहायचे. तिथेही उत्तर मिळाले नाही, तर एक रूप निवडून यादीत लिहून ठेवायचे आणि त्याला चिकटून राहायचे.

शब्दच नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. ‘अर्ज कार्यालयात द्यावा’ हे वाक्य कोणालाही कळते, तिथे ‘ऑफिस’ची गरज नाही. पण ‘भ्रमणध्वनी मनोरा’ म्हटल्यावर गावातल्या किती जणांच्या डोळ्यांपुढे शेताच्या धुऱ्यावरचा टॉवर उभा राहील? हा प्रयोग आपल्याकडे आधी झालेला आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. त्यातले काही पर्याय टिकले. तरीही तारीख, वकील, जमीन, हुकूम हे शब्द हलले नाहीत. ते आज इतके मराठी आहेत की त्यांचे मूळ कोणी विचारतही नाही. त्यांच्या बाबतीत मराठीने आणखी एक गोष्ट केली. शब्द ठेवून घेतला आणि लेखन आपल्या वळणावर आणले. ‘वकील’ची वेलांटी दीर्घ, ‘वकिलाला’ची ह्रस्व, ‘हुकूम’ पण ‘हुकमाने’. हे फारसीतून आलेले नाही. मराठीनेच त्या शब्दांना आपल्या घरच्या चालीरीती शिकवल्या. इंग्रजीतून आलेल्या शब्दांपैकी काहींचे हेच झाले आहे. तिकीट–तिकिटाला, पोलीस–पोलिसांना. ‘नोटीस’ तर ‘नोटिशीत’ होऊन ‘म्हैस–म्हशी’च्या रांगेत जाऊन बसली. बाकीचे शब्द अजून दारात उभे आहेत, आणि सगळा घोळ त्यांचाच आहे.

‘कसेही लिहा’ म्हणणाऱ्यांकडे याहून बळकट मुद्दा आहे. मोडी लिपीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नव्हता. एकच वेलांटी, एकच उकार. त्याच लिपीत शतकानुशतके वसुली झाली, जमिनीचे निवाडे झाले, हिशेब राहिले. मग आज एका वेलांटीवरून एवढे रान कशाला उठवायचे? माणूस वाचणार असेल तर हा युक्तिवाद मला बराचसा मान्य आहे. मोडीचा कागद वाचणारा कारकून संदर्भावरून शब्द ओळखत होता. ‘ऑफीस’ वाचून आजही कोणी गोंधळत नाही. फरक पडला तो दप्तर संगणकात गेल्यावर. शोधाची पेटी संदर्भ ओळखत नाही. ती अक्षराला अक्षर लावून पाहते. इंटरनेटवरची मोठी शोधयंत्रे चुकीचे लेखन सांभाळून घेतात हे खरे आहे, पण ग्रामपंचायतीची आवक-जावक नोंद त्या यंत्रात नसते. ती असते एखाद्या एक्सेलच्या फाईलमध्ये.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, एका ग्रामपंचायतीने पाच वर्षांची आवक-जावक टंकून ठेवली आहे. गावात मोबाईल टॉवर आहे. त्याच्या कराबद्दल, ना-हरकतीबद्दल आणि जनरेटरच्या आवाजाबद्दल मिळून 11 अर्ज आले आहेत. ग्रामसभेत कोणी विचारले, टॉवरबद्दल आजवर किती अर्ज आले? ऑपरेटर शोधाच्या पेटीत ‘मोबाईल टॉवर’ टंकतो आणि उत्तर येते 4. बाकीचे सात गेले कुठे? ते तिथेच आहेत. दोन ठिकाणी ‘मोबाइल टॉवर’ आहे, ह्रस्व इ घालून. एका ठिकाणी ‘मोबाईल टावर’ आहे. हे तिन्ही डोळ्यांना दिसतात. उरलेले चार मात्र नुसते पाहून सापडणार नाहीत. त्यांतल्या तिघांत ‘मोबाईल टाॅवर’ आहे आणि एकात ‘मोबाइल टाॅवर’. छापून हातात घेतले तर ‘टॉवर’ आणि ‘टाॅवर’ यांत बहुतेक फॉन्टमध्ये काडीचाही फरक दिसत नाही. सचिव म्हणणार, चारच अर्ज आहेत. ज्याचा अर्ज त्या सातांत आहे तो म्हणणार, माझा अर्ज दाबला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत.

हा न दिसणारा फरक आधी समजून घेतला पाहिजे, कारण वादात त्याचे नाव कोणीच घेत नाही. युनिकोडमध्ये ‘ॉ’ ही चंद्र आणि काना मिळून एकच खूण आहे. ‘टॉ’ म्हणजे ट आणि ती एक खूण. पण कोणी आधी काना दिला आणि मग त्यावर वेगळा चंद्र ठेवला, तर पडद्यावर तेच चित्र उमटते आणि आत मात्र दोन खुणा साठतात. ‘ऑ’ या अक्षराचेही तसेच: ते एक अक्षर आहे, पण ‘आ’ टंकून वर चंद्र दिला तर ‘आॅ’ होते. युनिकोड या दोन लेखनांना समान मानत नाही. हा घोळ आला जुन्या फॉन्टमधून. त्या काळी अक्षर तुकड्यातुकड्याने जुळवावे लागे. काना वेगळा, चंद्र वेगळा, आणि कागदावर नीट उमटले की काम झाले. ती जुनी कागदपत्रे युनिकोडमध्ये बदलली तेव्हा तुकडे तसेच उतरले, आणि टंकणाऱ्याच्या बोटांची सवयही तशीच राहिली. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘ॉ’ला स्वतंत्र कळ आहे, `\` ची. शिफ्टसह तीच कळ दाबली की ‘ऑ’ येतो. ज्याला ही कळ कोणी दाखवली नाही, तो काना-चंद्र जोडतच राहणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

‘ॲ’ची कथा याहून वेगळी. हे अक्षर युनिकोडमध्ये आले तेच मुळी 2008 मध्ये. राज्य शासनाने 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या दोघांना मराठीचे स्वर म्हणून जागा दिली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून किंवा हिंदीच्या कीबोर्डवरचा ‘ऍ’ घेऊन भागवत होते. म्हणून जुन्या यादीत ‘ॲडव्होकेट’ शोधताना तीन-चार वेगळी रूपे हाताशी ठेवावी लागतात.

आपल्या यादीत असे काही आहे का, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे लांबी मोजणे. एक्सेलमध्ये `LEN` हे सूत्र ‘मोबाईल टॉवर’साठी 11 देते, आणि काना-चंद्र सुटे असलेल्या ‘मोबाईल टाॅवर’साठी 12. दिसायला सारखे असलेल्या दोन नोंदींची लांबी वेगळी आली की समजावे, आत तुकडे आहेत. दुरुस्तीही एका सूत्राची आहे. मजकूर A2 मध्ये असेल तर शेजारच्या रकान्यात हे लिहायचे:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(2310)&UNICHAR(2373),UNICHAR(2321)),UNICHAR(2366)&UNICHAR(2373),UNICHAR(2377))
```

आतले सूत्र ‘आ’ अधिक चंद्राचा ‘ऑ’ करते, बाहेरचे काना अधिक चंद्राचा ‘ॉ’. हा बदल डोळे झाकून करता येतो, कारण मराठीत काना आणि सुटा चंद्र असे लेखन कधीच बरोबर नसते. आपल्या उदाहरणात एवढ्यानेच 4 चे 7 होतात. मग सूत्राचे उत्तर Paste Values ने साधा मजकूर करून घेतले आणि त्यात ‘मोबाइल’ शोधून ‘मोबाईल’ केले की 10. शेवटचा ‘टावर’ हाताने दुरुस्त केला की 11. मधल्या पायरीवर एक सावधगिरी हवी. शोधताना अख्खा शब्द घ्यावा. नुसते ‘इल’ बदलून ‘ईल’ करायला गेलो तर त्याच यादीतले ‘इलाज’ आणि ‘इलेक्ट्रिक’ही बिघडतील.

यंत्राचा भाग इथे संपतो, आणि खरा वाद सुरू होतो: कोणते रूप निवडायचे? विदर्भात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा अवघड आहे, आणि त्याला इतिहास आहे. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, आणि 1956 पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होते तिथे हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत कारभार चाले. त्यामुळे इथे इंग्रजी शब्द दोन वाटांनी येतो. एक मराठीची वाट, दुसरी हिंदीची. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या पाट्या पाहा, खताच्या आणि फवारणीच्या औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर पाहा. मराठीत आपण ‘बँक’, ‘गॅस’ लिहितो. हिंदी ‘बैंक’, ‘गैस’ लिहिते. मराठीत ‘तिकीट’, हिंदीत ‘टिकट’. हिंदीचे प्रमाण लेखन ‘मोबाइल’, मराठीत दोन्ही दिसतात. शेतकरी रोज दोन्ही लेखने वाचतो, म्हणून त्याच्या हातून दोन्ही उतरतात. हा त्याचा अडाणीपणा नाही. दोन व्यवस्था त्याच्या डोळ्यांपुढे आहेत आणि त्यांतली कोणती कुठे वापरायची हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मराठी मजकुरात मराठीची व्यवस्था, एवढे सांगितले तरी ‘बैंक’ आणि ‘गैस’ हे प्रश्न तिथल्या तिथे मिटतात.

‘ऑ’ ठेवायचा की नुसता ‘आ’ चालवायचा? बोलीची बाजू घेणारे म्हणतात, वऱ्हाडी माणूस ‘आफिस’ म्हणतो, ‘डाक्टर’ म्हणतो, ‘हापिसात’ म्हणतो. त्याच्या तोंडात नसलेला आवाज त्याच्या कागदावर का लादता? या आक्षेपामागची कळकळ मला पटते, निष्कर्ष पटत नाही. हाच वऱ्हाडी माणूस ‘डोया’ म्हणतो आणि ‘डोळा’ लिहितो, ‘केयी’ म्हणतो आणि ‘केळी’ लिहितो. बोलणे आणि लिहिणे यांतले अंतर तो रोज सहज चालून जातो. मग ते ‘डॉक्टर’पाशीच जड का व्हावे? शिवाय इथे नुसत्या उच्चाराची नव्हे, अर्थाची गरज आहे. ‘काल आला होता’ आणि ‘कॉल आला होता’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ‘माल’ आणि ‘मॉल’, ‘हाल’ आणि ‘हॉल’ यांचेही तेच. म्हणून ‘ऑफिस’, ‘डॉक्टर’, ‘टॉवर’ या शब्दांत चंद्र हवाच, आणि त्याबाबत मराठीची रूढी आज एकमुखी आहे. बोलीला तिची जागा मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीच दिलेली आहे: पात्राच्या तोंडी असेल तर बोलीतले रूप तसेच लिहावे. कथेत ‘डाक्टरनं सांगतलं’ असेल तर त्याला कोणी हात लावू नये. नोटीस मात्र ग्रामपंचायतीच्या तोंडची असते.

आता वेलांटी. लेखननियमांपैकी 14 नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि आणखी 4 नियम 1972 मध्ये जोडले. इंग्रजी शब्दांबद्दल त्यांत एक गोष्ट स्पष्ट आहे: शेवटच्या अक्षराचा पाय मोडायचा नाही, म्हणजे ‘ऑफिस्’ नव्हे, ‘ऑफिस’. वेलांटीबद्दल इंग्रजी शब्दांसाठी वेगळी वाट त्यांनी आखून दिलेली नाही. म्हणून ‘ऑफीस’वाले म्हणतात, अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो, गरीब, वकील, नागपूर, तर मग ऑफीसही दीर्घच. हा बिनतोड वाटणारा मुद्दा आहे. पण तो शेवटपर्यंत नेऊन पाहा. त्याच नियमाने वीट आणि बीळ यांच्याप्रमाणे लाईटचे ‘बील’ लिहावे लागेल, ‘पीन’ आणि ‘कीट’ लिहावे लागेल. छापील मराठीत सहसा असे कोणी लिहीत नाही. म्हणजे नियम घरच्या शब्दांसाठी पक्का आहे, पण पाहुण्याला तो आपोआप लागू होत नाही. पाहुणा घरचा झाला की लागू होतो. घरचा झाला की नाही हे प्रत्ययावरून बऱ्याच अंशी ओळखता येते. ‘तिकीट’ला ‘ला’ लावला की मध्ये आ येतो: तिकिटाला. ‘पोलिसाला’ही तसेच. पण ‘ऑफिसाला’ कोणी म्हणते का? आपण ‘ऑफिसला’ म्हणतो. शब्द अजून वाकलेला नाही. ‘ऑफिसात’ तेवढे ऐकू येते, आणि तिथे वेलांटी नियमानेही ह्रस्वच असते. मग ‘ऑफीसचा’ पण ‘ऑफिसात’ अशी कसरत ऑपरेटरच्या गळ्यात कशाला घालायची? नागपूरचा आणि नागपुरात ही जोडी शाळेपासून सरावाची आहे, म्हणून ती पेलते. ‘ऑफिस’ सर्वत्र ह्रस्व ठेवले तर ऑफिसचा, ऑफिसला, ऑफिसात, सगळीकडे एकच अंग राहते आणि शोधही एकदाच करावा लागतो. छापील मराठीत हेच रूप जास्त दिसते, त्यामुळे रूढीही याच बाजूला आहे.

‘मोबाईल’चे काय? इथे रूढी खरोखर दुभंगली आहे, म्हणून दुसऱ्या पायरीवर यावे लागते. या घडणीचे घरचे शब्द कोणते? जाईल, येईल, होईल, घेईल. मराठी मूल पहिली-दुसरीतच ‘जाईल’ दीर्घ लिहायला शिकते. कानाला ‘जाईल’ आणि ‘मोबाईल’ यांचा शेवट सारखाच लागतो. जो हात ‘येईल’ लिहितो त्याच हाताने पुढच्या ओळीत ‘मोबाइल’ लिहावे यासाठी मला मराठीच्या आतले कारण दिसत नाही. हिंदीत तसे लिहितात, हे कारण मराठी मजकुराला पुरेसे नाही. माझी निवड ‘मोबाईल’ आहे, आणि त्याबरोबर फाईल, स्टाईल, प्रोफाईल. फाईलचे अनेकवचन मात्र ‘फायली’, कारण तो शब्द घरचा होत आला आहे. तरीही एखाद्या ऑफिसने विचार करून ‘मोबाइल’ ठरवले तर माझे भांडण नाही. अट एकच: मग ‘फाइल’ही तशीच आणि ‘प्रोफाइल’ही तशीच. कुटुंबातल्या एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असे नको.

शाळेत हीच अट उपयोगी पडेल. विद्यार्थ्याने निबंधात ‘मोबाइल’ लिहिले म्हणून गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. ज्या शब्दावर मोठ्यांचे एकमत नाही त्यावर दहा वर्षांच्या मुलीला शिक्षा का? पण तिने एकाच पानावर दोन्ही लिहिले असतील तर दोन्हींखाली रेघ ओढावी आणि कोणतेही एक निवडायला सांगावे. तिला तेवढे सहज जमते, आणि आपण लिहिलेले परत वाचायची सवयही त्यातून लागते.

ऑफिसात नियम पाठ करून काम होणार नाही, तिथे यादी लागते. ती मोठी नसते. एका ग्रामपंचायतीच्या किंवा विविध कार्यकारी सोसायटीच्या कागदांत वारंवार येणारे इंग्रजी शब्द काढायला बसले तर ते एका पानात मावतील: टॉवर, मोटार, पंप, बोअरवेल, ट्रॅक्टर, मीटर, बिल, पाइप की पाईप, बँक, पासबुक, चेक, कॅम्प. प्रत्येक शब्दापुढे नुसते मूळ रूप लिहून पुरत नाही. प्रत्यय लागलेले एक रूपही लिहावे, कारण चूक तिथेच होते. ‘तिकीट, तिकिटाचे’, ‘नोटीस, नोटिशीत’, ‘ऑफिस, ऑफिसात’. हे पान आवक-जावक रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवावे आणि जो टंकतो त्याच्या देखत ठरवावे. वरून आलेली यादी भिंतीवर लटकते. जिच्यात आपण स्वतः ‘पाईप’साठी हात वर केला, ती लक्षात राहते. शंका आलेला नवा शब्द त्याच पानाच्या तळाला पेन्सिलीने लिहून ठेवावा आणि पुढच्या बैठकीत शाईने पक्का करावा.

जुन्या नोंदी दुरुस्त करताना एक गोष्ट मात्र सांभाळायची. अर्जदाराने जे लिहिले ते पुरावा असते. दुकानाच्या परवान्यावर ‘मोबाइल शॉपी’ असेल तर नोंदीत ते नाव तसेच राहिले पाहिजे; आपली यादी त्याच्या नावावर चालत नाही. म्हणून मूळ रकाना पुसायचा नाही. वर दिलेले सूत्र शेजारच्या रकान्यात टाकायचे, दुरुस्त मजकूर तिथे ठेवायचा आणि शोध त्या रकान्यात घ्यायचा. पुढच्या ग्रामसभेत टॉवरचे अर्ज विचारले गेले की 11 ओळी पडद्यावर येतील, आणि प्रत्येक ओळीच्या डावीकडे अर्जदाराने लिहिलेला शब्द त्याच्या वेलांटीसकट तसाच दिसेल.